दिसायला मराठी, आतून काय? एक्सेलमधल्या सेलची झडती

एखाद्या वाचनालयाची सभासद यादी घ्या. पहिली काही वर्षे ती कोणी इंग्रजीत टाइप केली, नंतरच्या माणसाने कृतिदेव फॉन्ट वापरला, अलीकडे मोबाइलवरून आलेली नावे थेट मराठीत चिकटवली गेली. आता दोन हजार ओळींची एकच फाइल आहे. पत्ते छापायला द्यायचे तर कोणत्या ओळीत खरोखर देवनागरी आहे आणि कोणत्या ओळीत नाही, हे आधी वेगळे करावे लागते. डोळ्यांनी हे काम होत नाही. कंटाळा येतो, हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे: पडद्यावर देवनागरी दिसणारी प्रत्येक ओळ देवनागरीत असतेच असे नाही.

संगणक अक्षर साठवतो ते आकड्याच्या रूपात. जगातल्या लिप्यांना असे आकडे नेमून देणारे मानक म्हणजे युनिकोड. त्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ हा सलग १२८ आकड्यांचा पट्टा मिळाला आहे. स्वर, व्यंजने, काना-मात्रा, अनुस्वार, हलन्त, मराठीचा ळ, ‘ॲ’ आणि देवनागरी अंक हे सगळे याच पट्ट्यात बसतात. ‘मराठी’ हा शब्द सेलमध्ये लिहिला, की आत पाच आकडे जातात: म २३५०, र २३५२, काना २३६६, ठ २३३६ आणि दीर्घ वेलांटी २३६८. याउलट इंग्रजी कॅपिटल अक्षरे ६५ ते ९० मध्ये आणि स्मॉल अक्षरे ९७ ते १२२ मध्ये असतात. म्हणजे प्रश्न सोपा होतो: सेलमधल्या एका तरी अक्षराचा आकडा या पट्ट्यात पडतो का?

आकडा विचारण्यासाठी एक्सेलमध्ये `UNICODE` हे फंक्शन आहे. ते २०१३ च्या आवृत्तीपासून मिळते. त्याआधीच्या एक्सेलमध्ये `#NAME?` असे उत्तर येते. जुने `CODE` फंक्शन इथे कामाचे नाही, कारण देवनागरी अक्षर दिले की ते साधारणपणे ६३, म्हणजे प्रश्नचिन्हाचा आकडा, देऊन मोकळे होते. पण `UNICODE` लाही एक मर्यादा आहे. ते फक्त पहिल्या अक्षराचा आकडा सांगते. A2 मध्ये ‘B-4 पुणे’ असेल, तर `=UNICODE(A2)` चे उत्तर ६६ येईल, कारण पहिले अक्षर इंग्रजी B आहे. पुढच्या पुण्याचा त्याला पत्ताच नाही.

म्हणून सेलमधला मजकूर एकेका अक्षरात सोडवून प्रत्येकाचा आकडा तपासावा लागतो. ते काम करणारे सूत्र असे:

```
=SUMPRODUCT(--(INT(UNICODE(MID(A2&" ",ROW(INDIRECT("1:"&LEN(A2)+1)),1))/128)=18))>0
```

पहिल्यांदा पाहताना हे कंसांचे जंगल वाटते. आतून बाहेर वाचत गेले की उलगडते. `LEN` मजकुराची लांबी मोजते. `ROW` आणि `INDIRECT` मिळून १, २, ३… अशी त्या लांबीपर्यंतची यादी तयार करतात. `MID` त्या यादीप्रमाणे पहिले, दुसरे, तिसरे अक्षर सुटे करते. `UNICODE` प्रत्येकाचा आकडा देते. ‘B-4 पुणे’ची आठ अक्षरे मग अशी उभी राहतात: ६६, ४५, ५२, ३२, २३४६, २३६९, २३३९, २३७५. पहिले चार आकडे म्हणजे B, आडवी रेघ, इंग्रजी ४ आणि मोकळी जागा. उरलेले चार म्हणजे प, उकार, ण आणि मात्रा.

आता पट्टा तपासायचा. ‘२३०४ पेक्षा लहान नाही आणि २४३१ पेक्षा मोठा नाही’ अशा दोन अटी घातल्या तर हीच लांबलचक रचना दोनदा लिहावी लागते. त्यातून सुटका अशी होते: २३०४ ला १२८ ने भागले की बरोबर १८ येतात, आणि पट्टा १२८ आकड्यांचाच असल्याने शेवटच्या २४३१ ला भागले तरी पूर्णांक भाग १८ च राहतो. म्हणून सूत्र एवढेच विचारते, की भागाकाराचा पूर्णांक १८ आहे का. हा योगायोग नाही. भारतीय लिप्यांसाठी आधीच ‘इस्की’ नावाचे भारतीय मानक होते, आणि युनिकोडने त्यांची मांडणी त्यावरूनच घेतली. बांगलापासून मल्याळमपर्यंतच्या लिप्यांना ओळीने १२८-१२८ जागा मिळाल्या. त्यामुळे १८ च्या जागी २१ लिहिले की हेच सूत्र गुजराती शोधते आणि २५ लिहिले की कन्नड. सोलापूर किंवा सांगलीकडच्या मिश्र याद्यांमध्ये हे उपयोगी पडते.

प्रत्येक अक्षरासाठी ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मिळते. पुढची दोन उणे चिन्हे हो-नाहीचे १ आणि ० करतात, आणि `SUMPRODUCT` त्यांची बेरीज करते. आपल्या उदाहरणात बेरीज ४ येते; ती शून्याहून जास्त, म्हणून उत्तर `TRUE`. साध्या `SUM` ऐवजी `SUMPRODUCT` घेण्याचे कारण असे, की जुन्या एक्सेलमध्येही ते अख्खी यादी आपणहून हाताळते. कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबण्याची आठवण ठेवावी लागत नाही. `A2` ला जोडलेली मोकळी जागाही उगाच नाही. सेल रिकामा असेल तर लांबी शून्य होते, ‘१ ते ०’ अशी यादी `INDIRECT` ला करता येत नाही आणि `#REF!` येते. एक जागा जोडली की रिकाम्या सेललाही शहाण्यासारखे `FALSE` मिळते.

शेवटचे `>0` काढले तर देवनागरी चिन्हांची संख्याच मिळते. मात्र ती चिन्हांची संख्या आहे, जोडाक्षरांची नाही. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर वाटते. सूत्राला तिथे क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे दिसतात.

मोबाइलवरून आलेल्या नावांमध्ये एक अडचण नेमाने निघते, ती इमोजीची. एक्सेलमध्ये इमोजी सहसा दोन तुकड्यांत साठवलेला असतो. `MID` त्याचा अर्धाच तुकडा उचलते, अर्ध्या तुकड्याला `UNICODE` कडे उत्तर नसते, आणि एका नमस्काराच्या चिन्हापायी अख्ख्या सेलचे उत्तर `#VALUE!` होते. नावापुढे हात जोडलेले असतील अशी शंका असल्यास हे रूप वापरावे:

```
=SUMPRODUCT(--ISNUMBER(1/(INT(UNICODE(MID(A2&" ",ROW(INDIRECT("1:"&LEN(A2)+1)),1))/128)=18)))>0
```

इथे एकाला उत्तराने भागले आहे. देवनागरी अक्षर असेल तिथे एक भागिले एक, म्हणजे खरा आकडा मिळतो. नसेल तिथे शून्याने भागल्याची चूक येते, इमोजीपाशी दुसरीच चूक येते, आणि `ISNUMBER` दोन्ही चुकांना सारखेच बाजूला सारते. हजारो ओळी असतील तर फाइल थोडी जड होते, कारण `INDIRECT` असलेले सूत्र प्रत्येक बदलानंतर नव्याने चालते. निकाल आला की तो स्तंभ कॉपी करून त्याच जागी फक्त मूल्ये म्हणून चिकटवावा.

आता निकाल वाचण्याकडे वळू. `TRUE` चा अर्थ एवढाच, की किमान एक चिन्ह देवनागरी पट्ट्यातले आहे. भाषा मराठी आहे की हिंदी, कोंकणी की नेपाळी, हे सूत्राला कळत नाही. ‘Flat ४’ मध्ये एकटा मराठी चार असला तरी उत्तर `TRUE` येईल, कारण देवनागरी अंक २४०६ ते २४१५ याच पट्ट्यात आहेत. हिंदीतला पूर्णविरामाचा दंड २४०४ वर आहे आणि बांगला मजकुरातही तोच दंड वापरला जातो. त्यामुळे निव्वळ बांगला वाक्यही शेवटच्या दंडामुळे देवनागरीत गणले जाऊ शकते.

खरी गंमत `FALSE` च्या ओळींत आहे. ज्या ओळीत डोळ्यांना स्वच्छ ‘मराठी’ दिसते आहे तिथे सूत्र `FALSE` का म्हणते? कारण कृतिदेवसारखे जुने फॉन्ट देवनागरीचे आकडे वापरतच नाहीत. तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रे बसवलेली असतात. कृतिदेवमधला ‘मराठी’ हा शब्द सेलमध्ये `ejkBh` असा साठवलेला असतो: e चा म, j चा र, k चा काना, B चा ठ आणि h ची वेलांटी. आकडे १०१, १०६, १०७, ६६, १०४. एकही आपल्या पट्ट्यात नाही. सूत्र चुकलेले नसते, ते आतला माल बघून बोलत असते. खात्री करायची तर त्या स्तंभाला मंगल किंवा निर्मला फॉन्ट लावून पाहावे. खरे देवनागरी तसेच राहते, कृतिदेवचे मुखवटे गळून पडतात.

`FALSE` आलेल्या ओळींपुढे आणखी एका स्तंभात `=UNICODE(A2)` लिहिले, की दुखणे बरेचसे ओळखता येते. ६३ आला आणि सेलमध्ये प्रश्नचिन्हांची रांग असेल, तर कोणीतरी फाइल जुन्या प्रकारच्या सीएसव्हीत जतन केली आहे. तिथले मराठी कायमचे गेले. मूळ फाइलच शोधावी लागेल. २२४ आला आणि `à¤®` सारखी चिन्हे दिसली, तर मजकूर शाबूत आहे. युटीएफ-८ सीएसव्ही फाइल चुकीच्या पद्धतीने उघडली गेली आहे, एवढेच. तीच फाइल डेटा आयात करताना युटीएफ-८ निवडून पुन्हा आणली की सगळे सरळ होते. आकडा इंग्रजी अक्षराचा आला, तर ओळ खरोखर इंग्रजी आहे की जुन्या फॉन्टची, हे वर सांगितल्याप्रमाणे फॉन्ट बदलून ठरवावे.

जुन्या फॉन्टच्या ओळी त्याच फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकातून काढाव्या लागतात आणि त्यानंतर सूत्र पुन्हा चालवावे लागते. पण परिवर्तनानंतरचे `TRUE` डोळे झाकून स्वीकारू नये. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते. ‘किरण’ तिथे `fdj.k` असतो आणि f ही वेलांटी सर्वांत पुढे. परिवर्तक कच्चा असेल तर तो क्रम न बदलता वेलांटी पुढेच ठेवतो. अशा सेलला सूत्र `TRUE` म्हणेल, पण `=UNICODE(A2)` चे उत्तर २३६७ येईल. मराठीतला कोणताही शब्द वेलांटीने सुरू होत नाही, म्हणून २३६७ ने सुरू होणाऱ्या ओळी गाळणी लावून बाजूला काढाव्यात, आणि त्या दुरुस्त झाल्याशिवाय यादी छपाईला देऊ नये.