उत्तर एकदाच द्यायचं असतं

अमेरिकेचा नागरिक झालेला मुलगा आईच्या ग्रीन कार्डसाठी आय-१३० अर्ज भरतो आणि काही महिन्यांनी यूएससीआयएस या तिथल्या इमिग्रेशन खात्याचं पत्र येतं: आणखी पुरावा द्या. याला ‘आरएफई’ म्हणतात. हा नकार नव्हे. पण मुदत चुकली, तर तो नकार ठरू शकतो.

आपल्याकडच्या कुटुंबांत नेहमी घडणारं एक उदाहरण घेऊ. मुलगा १९७९ साली खेड्यात घरीच जन्मला. जन्माची नोंद झाली थेट २०१५ मध्ये. दाखल्यावर आईचं नाव सासरचं, ‘लता’. तिच्या पासपोर्टवर मात्र शाळेच्या दाखल्यावरून आलेलं ‘सुलभा’. अधिकाऱ्याला दोन शंका येतात. इतक्या उशिरा झालेली नोंद कशावरून खरी, आणि लता व सुलभा एकच कशावरून? अशा वेळी तोच जन्मदाखला पुन्हा पाठवणं व्यर्थ आहे.

इथे त्या काळातला कागद लागतो. मुलाच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा सर्वांत उपयोगी, कारण तो अर्जाच्या कितीतरी आधी लिहिलेला असतो. नावाच्या शंकेसाठी विवाहाचा दाखला, आणि दोन्ही नावांनी तिला ओळखणाऱ्या दोघांची प्रतिज्ञापत्रं. ‘मी यांना ओळखतो’ एवढ्याने भागत नाही. लिहिणारा कोण, त्याचा जन्म कुठला, नातं काय, आणि ही गोष्ट त्याला प्रत्यक्ष कशी ठाऊक, हे त्यात हवं. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर शिक्क्यांसकट पूर्ण करावं लागतं. भाषांतर अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं असतं.

मुदत जास्तीत जास्त ८४ दिवसांची. पत्र टपालाने आलं असेल तर त्यात काही दिवसांची भर पडते. नोटिशीवर छापलेली तारीख हीच आपली तारीख धरावी. त्या दिवसापर्यंत उत्तर त्यांच्या हाती पडायला हवं. टपालात टाकल्याची तारीख ग्राह्य धरत नाहीत. मुदतवाढ नियमातच नाही.

खरी अडचण होते ती उत्तर तुकड्यांत पाठवल्याने. सगळे कागद एकाच वेळी द्यायचे असतात. अर्धेच पाठवले, तर हातातल्या कागदांवर निर्णय द्या, असं आपणच सांगितल्यासारखं होतं. म्हणून पत्र मिळाल्याच्या आठवड्यातच शाळेत अर्ज टाकावा. उतारा येण्याचं चिन्ह नसेल, तर रजिस्टर उपलब्ध नसल्याचं शाळेचं लेखी पत्र घ्यावं आणि इतर पुराव्यांसोबत ते मुदतीत पाठवावं. मूळ नोटीस सर्वांत वर ठेवावी, संपूर्ण संचाची प्रत आपल्याकडे राहू द्यावी आणि पोच मिळेल अशाच कुरिअरने पाठवावं.

उत्तरच गेलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं समजून तो फेटाळता येतो. त्यावर अपील नाही. प्रकरण पुन्हा उघडण्याची विनंती करता येते, किंवा नव्याने फी भरून नवा अर्ज.