कोकणीत विचारलं, तर उत्तर कुठल्या भाषेत येतं?

समजा, गोव्यातल्या एका शिक्षिकेला पालकांसाठी सूचना हवी आहे: उद्या शाळा बंद राहील. ती एआय चॅटबॉटला ही ओळ कोकणीत लिहायला सांगते. ‘फाल्यां शाळा बंद आसतली’ असं यायला हवं. पण ‘उद्या शाळा बंद आसतली’ असंही येऊ शकतं. क्रियापद कोकणी, दिवस मराठी. मराठी वाचकाला त्यात काहीच खटकत नाही, म्हणून ही चूक सहज निसटते.

कोकणी १९८७ साली गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. तरी इंटरनेटवर तिचा मजकूर थोडाच आहे, आणि तोही देवनागरी, रोमी, कन्नड अशा लिप्यांत वाटला गेलेला. चॅटबॉट वाचलेल्या मजकुराच्या आधारे पुढचा शब्द ठरवतो. जिथे कोकणीचा आधार तोकडा पडतो, तिथे त्याच लिपीतली आणि कितीतरी जास्त लिहिली गेलेली मराठी आत शिरते.

ही घुसखोरी बारीक शब्दांत आधी दिसते. ‘म्हाका’च्या जागी ‘मला’ येतं, ‘आनी’चं ‘आणि’ होतं, ‘करप’च्या ठिकाणी ‘करणे’. उत्तर जितकं लांब, तितका हा धोका वाढतो. म्हणून पहिलाच परिच्छेद वाचून समाधान मानू नये. म्हणी मागितल्या तर अधिकच जपावं लागतं. हिंदी किंवा मराठी म्हणीला कोकणी प्रत्यय लावून ती अस्सल म्हणून पुढे केली जाऊ शकते, आणि वाक्य सफाईदार असल्यामुळे शंकाही येत नाही.

गूगलने २०२२ मध्ये भाषांतरसेवेत २४ भाषा आणल्या, त्यांत कोकणी होती. या भाषांसाठी यंत्राला भाषांतरांच्या जोड्या दाखवलेल्या नव्हत्या, फक्त त्या त्या भाषेतला मजकूर वाचायला दिला होता. हे तंत्र निर्दोष नाही, असं कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं.

मग मागायचं कसं? लिपी स्पष्ट सांगावी. आपल्याकडचे चांगल्या कोकणीतले दोन-तीन परिच्छेद नमुना म्हणून आधी द्यावेत. त्यातले शब्द आणि प्रत्यय यंत्र बऱ्यापैकी उचलतं. माहितीचा प्रश्न असेल, तर तपशील आधी इंग्रजीत किंवा मराठीत पक्के करून घ्यावेत आणि मग छोट्या तुकड्यांत कोकणी करून घ्यावी. थेट कोकणीत विचारलं, तर भाषेबरोबर माहितीही पातळ होण्याची शक्यता असते.

आलेली कोकणी पुन्हा मराठीत करून तपासण्याची युक्ती इथे फसवी ठरते. ‘उद्या शाळा बंद आसतली’ या ओळीचं उलट भाषांतर अगदी बरोबर येईल, कारण यंत्राला दोन्ही भाषा कळतात. अर्थ जुळला म्हणजे भाषा जुळली असं होत नाही. शाळेची सूचना असो वा औषधाची मात्रा, छापण्याआधी ती घरात कोकणी बोलणाऱ्या माणसाने मोठ्याने वाचायला हवी. ‘उद्या’ला त्याची जीभ लगेच अडखळते.