पोट फुगलंय, पण वायू कुठे अडकलाय?

गोठ्यात एखादी गाय वैरण सोडून उभी आहे, सारखी पाठीमागे पोटाकडे बघते, मागचा पाय पोटावर मारते आणि डावी भकाळी पाठीच्या कण्याला भिडेल इतकी फुगली आहे. पोटफुगी झाली, हे शेतकऱ्याला लगेच कळतं. पण पोटफुगी दोन प्रकारची असते, आणि एका प्रकारावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. गाय वाचते की नाही, हे पुष्कळदा यावरच ठरतं.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात वैरण आंबते आणि मिथेन व कार्बन डायऑक्साइड सतत तयार होत राहतो. जनावर तो ढेकरांवाटे बाहेर टाकतं. ढेकर बंद पडली की पोट फुगतं, छातीचा पडदा पुढे दाबला जातो, फुफ्फुसांना जागा उरत नाही आणि रक्ताभिसरणही अडतं. जनावर दगावतं ते गुदमरून, आणि कधीकधी तासा-दोन तासांत.

पहिला प्रकार मोकळ्या वायूचा. वायू वैरणीच्या वर साठलेला असतो, फक्त बाहेर पडायची वाट बंद असते. आंब्याची कोय, बटाटा किंवा बिटाचा तुकडा घशात किंवा अन्ननलिकेत अडकला, की हे होतं. अशा जनावराच्या तोंडातून लाळ गळते, ते मान ताणून गिळायचा प्रयत्न करतं. जनावर बराच वेळ कुशीवर पडून राहिलं तरी ढेकर निघत नाही. या प्रकारात भकाळीवर बोटांनी टिचकी मारली तर ढोलासारखा पोकळ आवाज येतो.

दुसरा प्रकार फेसाचा, आणि तो जास्त घातक. लसूणघास किंवा बरसीम कोवळा, फुलावर येण्याआधीचा असेल आणि जनावराने तो उपाशीपोटी भरभर खाल्ला, तर त्यातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांमुळे कोटीपोटातला रस चिकट होतो. वायूचे बारीक बुडबुडे एकत्र येऊन फुटत नाहीत, उतू जाणाऱ्या दुधासारखे वर चढतात. ढेकर येण्याच्या जागेपर्यंत फेसच पोहोचल्यामुळे जनावराला ढेकर देताच येत नाही. टिचकीचा आवाज इथे तितका पोकळ नसतो. अर्थात नुसत्या आवाजावर विसंबू नये. जनावराने काय खाल्लं, ते आधी आठवावं.

खरी परीक्षा होते ती नळीने. पशुवैद्य तोंडात लाकडी अडणा बसवून मऊ रबरी नळी कोटीपोटापर्यंत सोडतात. मोकळा वायू असेल तर तो जोरात सुटतो आणि भकाळी बघता बघता खाली बसते. फेस असेल तर नळीत थोडा फेस येतो आणि ती तुंबते. ज्याला सवय नाही त्याने नळी घालू नये, ती श्वासनलिकेत गेली तर नवंच संकट.

समजा, सकाळी दव असलेला लसूणघास भरपूर खाल्लेली गाय तासाभराने फुगली. आधी 1962 या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यांना फोन करावा. घास समोरून काढून टाकावा. गाईचे पुढचे पाय उंचावर येतील अशी तिला चढावर उभी करावी, खाली बसू देऊ नये. तोंडात आडवी कडुलिंबाची काडी बांधावी, म्हणजे ती चघळत राहते, लाळ सुटते आणि ढेकरीला मदत होते. मग गाईला 300 ते 500 मिलि शेंगदाण्याचं किंवा दुसरं खाण्याचं तेल पाजावं. शेळीला 50 ते 100 मिलि पुरे. तेलाने बुडबुड्यांचा पडदा फुटतो, वायू मोकळा होतो आणि ढेकर येऊ लागते. पाजताना तोंड फार वर उचलू नये, जीभ ओढून धरू नये, ठसका लागला की थांबावं. तेल फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. धडपडत असलेल्या किंवा आडव्या पडलेल्या जनावराला बाटलीने काही पाजूच नये. बाटलीभर शीतपेय ओतण्याची जी रीत आहे, तिने पोटात वायूची भरच पडते.

आणि घशात कोय अडकली असेल तर तेल पाजत बसण्यात अर्थ नाही. तिथे अडथळा दूर करावा लागतो, आणि ते काम पशुवैद्याचं.

गाय जीभ बाहेर काढून श्वास घेऊ लागली, लडखडली किंवा कोसळली, तर पोटाला भोक पाडण्यावाचून इलाज नसतो. त्यासाठी ट्रोकार हे टोकदार हत्यार असतं आणि त्यावर नळीची म्यान असते. शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधोमध, डाव्या भकाळीच्या वरच्या भागात ते उजव्या पुढच्या कोपराच्या दिशेने घुसवतात, टोक काढून घेतात आणि नळी तशीच ठेवून वायू सावकाश सोडतात. फेसाच्या पोटफुगीत ही नळीही तुंबते. तेव्हा तिच्यातूनच तेल आत सोडतात, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर पशुवैद्य भकाळीला चीर देतात. जखमेतून पोटात जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून पुढचे औषधोपचार चुकवायचे नाहीत.

शेळीने धान्याचं पोतं फोडून खाल्लं आणि ती फुगली, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे पोटात आम्ल वाढतं आणि वायू काढला तरी ते तसंच राहतं. तिला तेल पाजून घरी ठेवू नये, पशुवैद्याला दाखवावं. घासाच्या फुगीतून वाचलेल्या गाईला एक-दोन दिवस कडब्यावर ठेवावं, आणि नंतर रोज आधी कडबा, मग सुकवून कोमेजलेला घास थोडा थोडा द्यावा.