पाळी संपली, लाइन क्लिअर कुणाच्या नावावर?

आज, 2 नोव्हेंबर 2025 रोजी, आपल्याकडे दुपारचे अडीच वाजतील तेव्हा सिॲटलमध्ये पहाटेचे दोन वाजलेले असतील आणि तिथलं घड्याळ एक तास मागे जाईल. युरोपातली घड्याळं गेल्याच रविवारी मागे गेली. भारतात काहीच बदलत नाही, म्हणून बातमीतली ही ओळ आपण वाचून सोडून देतो. पण हिंजवडीत ज्यांची सपोर्ट टीम युरोप-अमेरिकेतल्या टीमसोबत ‘फॉलो द सन’ पद्धतीने चालते, म्हणजे काम सूर्याबरोबर एका देशातून दुसऱ्या देशात सरकतं आणि रात्रपाळी कुणालाच करावी लागत नाही, त्यांच्या पाळ्यांचा सांधा मागच्या रविवारपासून आजपर्यंत वेगळ्या ठिकाणी होता. असं वेळापत्रक आखताना चोवीस तासांचे तीन समान तुकडे करण्याकडे सगळं लक्ष जातं. माझ्या मते खरी आखणी सांध्याची असते, आणि सांध्यावर काय सोपवायचं याचं उत्तर बहुतेक ठिकाणी चुकीचं दिलं जातं.

आधी घड्याळाचं बघू. समजा पुणे, डब्लिन आणि सिॲटल अशा तीन टीम आहेत आणि परदेशातल्या दोन्ही टीम आपापल्या घड्याळाप्रमाणे नऊ ते सहा काम करतात. हिवाळ्यात सिॲटलची टीम आपल्या सकाळी साडेसातला सुटते, उन्हाळ्यात साडेसहाला. म्हणून पुण्याची पाळी हिवाळ्यात सात ते चार आणि उन्हाळ्यात सहा ते तीन ठेवली, तर दोन्ही ऋतूंत सकाळी अर्धा तास दोन्ही टीम एकत्र सापडतात. दुपारी डब्लिन हिवाळ्यात अडीचला येतं आणि उन्हाळ्यात दीडला, त्यामुळे तिथे दीड तास मिळतो. हा हिशेब वर्षभर ठीक चालतो, फक्त युरोप-अमेरिकेची घड्याळं वेगवेगळ्या रविवारी बदलतात तो मधला काळ सोडून. गेल्या रविवारी डब्लिन हिवाळी वेळेवर गेलं, सिॲटल मात्र उन्हाळी वेळेवरच राहिलं. पुण्याला तीनला निघायचं होतं आणि डब्लिन आलं अडीचला. दीड तासाचा अर्धा तास झाला. जो तास पुण्याकडून गेला तो रात्री डब्लिन आणि सिॲटलच्या वाट्याला गेला. तिथे एकाऐवजी दोन तास दोन्ही टीम हजर होत्या. आणि कुणी ‘युरोपाची वेळ बदलली, आपणही बदलू’ म्हणून पुण्याला सातला बोलावलं असेल, तर साडेसहा ते सात या अर्ध्या तासात फोन उचलायला जगात कुठेच कुणी नव्हतं. पुण्याची सुरुवात सिॲटलच्या निघण्याला बांधायची, युरोपाला नाही, हे वर्षाच्या वेळापत्रकात तारखांसकट लिहून ठेवलं की ही चूक टळते.

वेळेचा सांधा जुळला, तरी त्यातून काय पलीकडे जातं हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर आयटीपेक्षा विजेच्या कामात जास्त स्पष्ट दिसतं. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यासारख्या गावात शेतीच्या फिडरवर बिघाड झाला की लाइनमन खांबावर चढण्याआधी उपकेंद्रातल्या यंत्रचालकाकडून लाइन क्लिअर घेतो. ती त्याच्या नावावर असते, आणि त्याने परत केल्याशिवाय फिडर चालू करायचा नसतो. मध्येच यंत्रचालकाची पाळी बदलली तर नव्या माणसाला बिघाडाचा इतिहास कळला नाही तरी चालेल. फिडर मुद्दाम बंद ठेवलाय आणि तारेवर माणूस आहे, हे मात्र कळलंच पाहिजे. ते न कळल्याने काय होतं याचं जगातलं सर्वांत भयंकर उदाहरण उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटाचं आहे. 6 जुलै 1988 रोजी तिथे एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. पंपाच्या देखभालीचा परवाना वेगळा होता, व्हॉल्व्हचा वेगळा. संध्याकाळी पाळी बदलली तेव्हा व्हॉल्व्हची गोष्ट पुढच्या माणसांपर्यंत पोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला. देखभाल अजून सुरूच झालेली नाही एवढंच रात्रपाळीला माहीत होतं, म्हणून त्यांनी पहिला पंप चालू केला. वायू सुटला, स्फोट झाले आणि 167 माणसं गेली.

सपोर्टच्या तिकिटात कुणाचा जीव जात नाही, पण चुकीची घडण हीच असते. समजा एका गोदामाचं लेबल छापणारं सॉफ्टवेअर अडकतंय. पुण्यातल्या इंजिनिअरने सर्व्हिस दोनदा रीस्टार्ट केली, सारखा वाजणारा अलर्ट तात्पुरता बंद केला, ग्राहकाला पाच वाजता फोन करायचं कबूल केलं आणि निघताना नोंदीत लिहिलं: ‘तपास चालू, लॉगची वाट पाहतोय.’ यात एकही शब्द खोटा नाही. तरीही डब्लिनचा माणूस स्क्रीनवर शांतता बघतो आणि सगळं सुरळीत आहे असं समजतो, कारण अलर्ट बंद आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या वेळी छपाई थांबते तेव्हा ती ग्राहकाकडून कळते. म्हणून सोपवण्याच्या नोंदीतली पहिली ओळ तिकिटाची हकिगत नसावी. ‘मी काय बदललंय आणि अजून पूर्ववत केलेलं नाही’ ही असावी. दुसरी ओळ ग्राहकाला दिलेल्या शब्दाची, वेळेसकट, आणि वेळ कुठल्या देशाची तेही लिहून. हकिगत तिकिटात खाली असतेच.

यावर पहिला आक्षेप असा की सगळं लिहिलेलंच आहे तर बोलण्यासाठी दोन टीमचा पगार एकाच वेळी कशाला द्यायचा? याचं उत्तर रुग्णालयांनी दिलंय. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांतल्या बालरोग विभागांत निवासी डॉक्टरांसाठी रुग्ण सोपवण्याची ठरावीक रीत लावली गेली, त्याचे निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले. उपचारातल्या चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय 30 टक्क्यांनी कमी झाले, आणि कामाचा वेळ त्यामुळे वाढला नाही. त्या रीतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती शेवटची पायरी: घेणाऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. गैरसमज तिथेच उघडा पडतो, कागद वाचून पडत नाही. तिकिटाचा मालकही त्याच क्षणी बदलावा. पाळी संपली म्हणून आपोआप बदलू नये. परत सांगून होईपर्यंत लाइन क्लिअर सोपवणाऱ्याच्याच नावावर.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दिवसातून तीनदा हात बदलले तर ग्राहकाला तीच माहिती तीनदा सांगावी लागते. हे खरं आहे, आणि म्हणूनच प्रत्येक तिकीट सोपवू नये. ग्राहकाचं काम ठप्प आहे, किंवा त्याचा कामाचा दिवस पुढच्या टीमच्या वेळेत येतो, तेवढीच तिकिटं पुढे जावीत. बाकीची मूळ माणसाकडे रात्रभर थांबली तर काही बिघडत नाही. बारा उघड्या तिकिटांतली चार सोपवायची असतील आणि प्रत्येकाला पाच मिनिटं लागली, तर अर्ध्या तासात दहा मिनिटं उरतात. बाराही ढकलली तर एक तास लागतो, आणि मग माणसं बोलणं सोडून नुसत्या नोंदी टाकू लागतात.

सांधा ताणला गेलाय हे ओळखायचं असेल तर पाळीच्या शेवटच्या अर्ध्या तासातली तिकिटं काढून बघावीत. तिथे ‘ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा’ या खान्यात अचानक गर्दी दिसली, तर समजावं की माणसं सोपवण्याचा त्रास टाळायला ग्राहकाला एखादा प्रश्न विचारून तिकीट थांबवून ठेवताहेत आणि उत्तराच्या मुदतीचं घड्याळही त्याने थांबतंय. गेल्या सोमवारपासूनच्या नोंदींत ही गर्दी पुण्याच्या दुपारी अडीच ते तीनमध्ये वाढली का, हे उद्याच तपासता येईल. अमेरिका घड्याळ पुढे नेईल ती 8 मार्च 2026 ला, युरोप 29 मार्चला. तेव्हा हाच अर्ध्या तासाचा सांधा एक नाही, तीन आठवडे टिकवायचा आहे.