हिशेब देणगीचा : भाग ६ – आठवड्याचा गोषवारा आणि झाकलेले नाव

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. पुढच्या काही दिवसांत २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. अशा वेळी मदतीचे पैसे एकदम येतात, आणि प्रत्येक देणगीसोबत ‘कशासाठी’ हेही येते. शिध्यासाठी आलेले पैसे घराच्या पत्र्यांवर खर्च करता येत नाहीत. म्हणून विश्वस्तांना दर आठवड्याला मोहीमवार गोषवारा लागतो. मोहीम कोणती, किती देणगीदारांनी दिले आणि किती जमा झाले, एवढे त्यात पुरते.

हा कागद बनवायला सोपा वाटतो. अडचण गावाच्या आकारामुळे येते.

भिवपुरीसारख्या ठिकाणी विश्वस्त आणि देणगीदार एकाच लोकलने कर्जतला जातात, एकाच लग्नाच्या पंगतीला बसतात. समजा, तिथल्या एका छोट्या न्यासाचा सोमवार ते रविवार असा आठवडा आहे. वह्या-दप्तरांसाठी १८ जणांनी २७,४०० रुपये दिले. पावसाळी शिध्यासाठी ९ जणांनी १४,६०० दिले. उपचार मदतीला एकाच व्यक्तीने ५१,००० दिले आणि ‘नाव नको’ म्हणून बजावले. एकूण ९३,००० रुपये. गोषवाऱ्यात नाव नाही. पण ‘उपचार मदत, देणगीदार १’ ही ओळच त्या माणसाकडे बोट दाखवते. त्याच आठवड्यात कोणाची जमीन विकली गेली, कोणाला निवृत्तीचे पैसे मिळाले, हे बैठकीला बसलेल्यांना ठाऊक असते.

खजिनदार मग ती एक ओळ रिकामी ठेवतो. त्याने काहीच झाकले जात नाही. ९३,००० मधून २७,४०० आणि १४,६०० वजा केले की ५१,००० पुन्हा समोर येतात. एक ओळ लपवायची तर तिच्याबरोबर दुसरीही घ्यावी लागते. म्हणून शिधा आणि उपचार एकत्र करून ‘इतर मोहिमा : देणगीदार १०, रक्कम ६५,६००’ असे लिहायचे. एका ओळीत किमान पाच देणगीदार हवेत, असा नियम न्यासाने ठरावाने करावा. पाच हा आकडा कायद्यातला नाही. गावच्या ओळखीपाळखी पाहून तो दहाही ठेवता येतो.

गुपित बाहेर पडण्याची दुसरी वाट ‘आजवरची जमा’ या रकान्यातून फुटते. मागच्या आठवड्याच्या कागदावर उपचार मदत १,१०,००० होती आणि या आठवड्याच्या कागदावर १,६१,००० झाली, तर दोन्ही कागद शेजारी ठेवले की झाले. म्हणून हा रकाना दर आठवड्याला हलवायचा नाही. त्या मोहिमेत पाच नवे देणगीदार जमल्यावरच तो पुढे न्यायचा, आणि तिच्यासोबत एकत्र केलेल्या मोहिमेचा रकानाही तोवर थांबवायचा, नाहीतर वजाबाकीने ५१,००० पुन्हा निघतात.

ओळी एकत्र करण्यालाही मर्यादा आहे. दहा जणांत ६५,६०० म्हटल्यावर त्यात कोणीतरी मोठी रक्कम दिली आहे, हे जाणकाराला कळते. कोणत्या मोहिमेला, कोणी आणि नेमकी किती, हे मात्र कळत नाही. ‘सर्वात मोठी देणगी’ असा रकाना तर ठेवूच नये, कारण आपल्याकडे ५,००१ किंवा ११,१११ अशी शुभ रक्कमच माणसाची ओळख सांगून जाते.

मग हिशेबाची खात्री कशी करायची? नावानिशी नोंदवही असतेच. ती खजिनदार आणि ठरावाने नेमलेला एक विश्वस्त बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहतात, आणि गोषवाऱ्याखाली ‘जमा ९३,००० बँकेशी जुळली’ असे लिहून दोघे सही करतात. त्या आठवड्यात न वटलेला धनादेश या रकमेत धरत नाहीत, तो वेगळा दाखवतात. हे काम टाळून उताऱ्याचा फोटोच गटावर टाकला, तर प्रत्येकाचे नाव तर जातेच, पण अनेकांच्या यूपीआय पत्त्यात मोबाइल क्रमांक असल्याने तोही जातो.

‘नाव नको’ म्हणजे नोंदच नको, असे मात्र नव्हे. आयकराच्या 80G सवलतीसाठी न्यासाला वर्षअखेरीनंतर देणगीदाराचे नाव, पत्ता आणि ओळख क्रमांक विवरणात भरावे लागतात. ज्यांची ओळखच नोंदलेली नाही अशा देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या, तर धर्मादाय न्यासावर त्यांच्यासाठी ३० टक्के दराने कर बसतो. त्यामुळे गुप्तदान बैठकीपुरते गुप्त असते. खजिनदाराच्या कुलूपबंद वहीत ते पूर्ण नावानिशी असते.

पुढील भागात : मोहीम संपल्यावर उरलेले पैसे, आणि ते दुसरीकडे वळवण्यापूर्वी देणगीदाराची संमती कशी घ्यावी.