‘पाणी चांगलंच येतंय, करार कशाला?’

वॉटर प्युरिफायरच्या वार्षिक सेवा कराराचा फोन बहुतेक वेळा या वाक्यापाशी अडतो. कच्ची स्क्रिप्ट इथे आजारांची भीती घालते आणि ग्राहक फोन ठेवतो. चांगल्या टिपणात उत्तराऐवजी प्रश्न लिहिलेला असतो: “ताई, मशीन बसवलं तेव्हा सर्व्हिस कार्डावर टीडीएस किती लिहिला होता?”

समजा, बोअरच्या पाण्याचा टीडीएस ६०० आणि मशीनमधून येणाऱ्या पाण्याचा ६० होता. म्हणजे मेम्ब्रेन ९० टक्के क्षार अडवत होती. आज बोअरचा आकडा तोच असून मशीनचा २०० भरला, तर मेम्ब्रेन थकल्याची शंका रास्त. मात्र क्षार मिसळणारा व्हॉल्व्ह कुणी फिरवला असेल, तरीही आकडा चढतो. त्यामुळे निदान फोनवर करायचं नाही, तपासणीची वेळ ठरवायची.

टीडीएस जंतू दाखवत नाही, हेही टिपणात हवंच. “आकडा कमी, म्हणजे पाणी शुद्ध” असं टेलिकॉलरने कधीच म्हणू नये.

पुढची हरकत पैशांची. तिथे पहिल्याच वाक्यात सांगावं, की करारात मेम्ब्रेन धरली आहे की फक्त फेऱ्या आणि मजुरी. हे लपवलं, तर मेम्ब्रेन बदलायची वेळ येताच भांडण ठरलेलं.