हप्ता एक चुकला, सत्तावीस महिने गेले

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील रिक्षा चालवतात. गेल्या वर्षी ते शाळेत आले, हातात विमा कंपनीचं पत्र. म्हणाले, "सर, पैसे तर दर महिन्याला कापले जात होते ना? एकच महिना चुकला. मग अम्मीचा क्लेम का नाकारला?"

पत्र दोनदा वाचलं तेव्हा मामला समजला. त्यांनी आरोग्य विमा मासिक हप्त्यावर घेतला होता. दर महिन्याच्या 5 तारखेला बँकेतून पैसे आपोआप कापले जायचे. एका महिन्यात खात्यात पुरेसे पैसे नव्हते, म्हणून हप्ता परत गेला. मेसेज आला तो जुन्या सिमवर, जे बंद पडलेलं. 24 तारखेला ते स्वतःहून भरायला गेले, तर पॉलिसी रद्द झालेली.

मासिक हप्ता चुकला तर भरायला 15 दिवसांची सवलत मिळते, म्हणजे इथे 20 तारखेपर्यंत. तिमाही, सहामाही आणि वार्षिक भरणाऱ्यांना ती 30 दिवसांची असते. मासिकवाल्याला मुदत निम्मी, आणि चुकण्याचे प्रसंग वर्षातून बारा.

आता खरं नुकसान पाहा. अम्मींना शुगर आहे. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजाराला प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे तेवढे महिने त्या आजाराचा खर्च कंपनी देत नाही. तो जास्तीत जास्त 36 महिने असू शकतो, आणि त्यांच्या पॉलिसीत तेवढाच होता. त्यातले 27 महिने सरले होते. 20 तारखेच्या आत पैसे भरले असते तर मोजणी पुढे चालू राहिली असती. रद्द झाल्यावर नवी पॉलिसी घेतली, ती शून्यापासून. दोन महिन्यांनी शुगरमुळे पायाची जखम चिघळली, अम्मींना ॲडमिट करावं लागलं आणि क्लेम नाकारला गेला. कंपनीने नियमाबाहेर काही केलं नव्हतं. पण विकताना एजंटने हे एका वाक्यात तरी सांगायला हवं होतं, असं मला वाटतं.

इन्साफाची गोष्ट म्हणजे, एका बाबतीत हप्तेवाल्याची बाजू बरी आहे. वर्षाच्या मध्ये हप्ता थकला, तरी सवलतीच्या त्या दिवसांत संरक्षण चालू राहतं. वार्षिकवाल्याने नूतनीकरणाला उशीर केला, तर सवलतीच्या दिवसांत भरून सलगता वाचते, पण मधल्या न भरलेल्या दिवसांतल्या आजारपणाचा खर्च साधारणपणे मिळत नाही.

दुसरी बाब क्लेमची. समजा वार्षिक प्रीमियम 24,000 रुपये आहे. हप्त्याने घेतल्यावर तो महिन्याला 2,100 पडतो, म्हणजे वर्षाचे 25,200. ही 1,200 रुपयांची वाढ बहुतेकांना दिसते. जे दिसत नाही ते असं : चार हप्ते भरल्यावर 60,000 चा क्लेम आला, की उरलेले आठही हप्ते लगेच देय होतात आणि कंपनी ते क्लेममधून कापू शकते. आठ हप्त्यांचे 16,800 गेले, हाती 43,200. कॅशलेस असेल तर हा फरक डिस्चार्जच्या दिवशी कळतो, बिलाच्या खिडकीसमोर. हे पैसे बुडत नाहीत, वर्षाचा प्रीमियम फिटतो. पण हप्ता निवडणाऱ्याकडे नेमकी त्याच दिवशी रक्कम नसते.

नूतनीकरणाच्या वेळी आणखी एक गोष्ट अडते. आपोआप कपातीला आपण बँकेला जी मंजुरी देतो, तिच्यात कमाल रक्कम लिहिलेली असते. वय वाढलं, प्रीमियम वाढला आणि नवा हप्ता त्या मर्यादेच्या वर गेला, तर खात्यात पैसे असूनही कपात होत नाही. म्हणून नव्या वर्षाची रक्कम कळली की मंजुरीतला आकडा तपासा.

आणि "ईएमआयवर विमा" म्हणून जे मिळतं ते नेहमी कंपनीचे हप्ते नसतात. कधी बँक किंवा फायनान्स कंपनी वर्षाचे पैसे एकदम भरते आणि तुमच्याकडून व्याजासह वसूल करते. ते कर्ज आहे. ज्यांना व्याज नको आहे त्यांनी सही करण्याआधी हे विचारून घ्यावं.

रिक्षावाल्या भाईंनी आता वार्षिक पॉलिसी घेतली आहे. घरात बीसी चालते, तिचा नंबर नूतनीकरणाच्या आधीच्या महिन्यात मागून घेतात. ज्यांना एवढंही जमत नाही त्यांनी निदान सहामाही घ्यावी : वर्षाला दोनच तारखा, आणि सवलत 30 दिवसांची. चालू पॉलिसीत हा बदल साधारणपणे नूतनीकरणाच्या वेळीच होतो, तेव्हा ती तारीख जवळ आली की कंपनीला लेखी कळवा आणि मोबाइल नंबर बदलला असेल तर तोही त्याच अर्जात द्या.